पत्रिकेत ‘उपस्थित’ की ‘हजर’? शब्द निवडताना काय पाहावे

प्रश्न: वडील येत्या मार्गशीर्षात पंचाहत्तर वर्षे पूर्ण करत आहेत. परभणी जिल्ह्यात तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून ते निवृत्त झाले. अमृतमहोत्सवाची पत्रिका छापायची आहे आणि घरात दोन मते पडली आहेत. मोठे काका संस्कृतचे शिक्षक होते. ते म्हणतात, फारसी-अरबी शब्द एकही नको. ‘हजर’, ‘तारीख’, ‘साल’ सगळे काढा. मामा म्हणतात, वडिलांचे निम्मे मित्र मुसलमान आहेत, त्यांना पत्रिका आपली वाटली पाहिजे, ‘तशरीफ आणावी’ असे काहीतरी घाला. काकांनी लिहिलेला मजकूर सोबत जोडला आहे. कोणता शब्द ठेवावा आणि ते कशावरून ठरवावे?

उत्तर:

शब्द कुठून आला यावरून ठरवू नका. तो आज कोणत्या कागदावर वावरतो आणि तिथे कोणत्या सुरात बोलतो, यावरून ठरवा. या कसोटीला काकांचे काही शब्द टिकतात, मामांच्या बाजूचेही काही टिकतात, आणि दोघांचे काही गळतात. शब्दाचे मूळ माहीत असावे लागते ते एकाच कामासाठी, ऱ्हस्व-दीर्घासाठी. त्याकडे शेवटी येतो.

पत्रिकांचे मजकूर लिहिणे आणि प्रूफे वाचणे हे माझे रोजचे काम आहे. हा वाद आमच्याकडे लग्नसराईत घरोघरी होतो, म्हणून तुमच्या काकांचा मजकूरच समोर ठेवून बोलतो. तो असा आहे:

“आमचे परमपूज्य पिताश्री यांच्या आयुष्याच्या पंचसप्ततितम वर्षपूर्तीप्रित्यर्थ दिनांक … रोजी आयोजित अभिष्टचिंतन समारंभास आपली सन्मानीय उपस्थिती सविनय प्रार्थनीय आहे. तदनंतर सहभोजनाचा स्वीकार करून उपकृत करावे. समय : सायंकाळी ६. स्थान : … मंगल कार्यालय, जिल्हा परभणी.”

काकांनी ‘तारीख’ काढून ‘दिनांक’ लिहिले, पण त्याला जोडलेले ‘रोजी’ तसेच राहिले. ‘रोजी’ फारसी ‘रोज’वरून आले आहे, रोज म्हणजे दिवस. खाली ‘जिल्हा’ आहे, तो अरबी. काकांची चूक दाखवण्यासाठी हे सांगत नाही. ‘दिनांक अमुक रोजी’ हा प्रयोग आज इतका पक्का मराठी आहे की तो लिहिताना कुणालाच त्यात दोन भाषा दिसत नाहीत, आणि दिसण्याचे कारणही नाही. ‘जिल्हाधिकारी’ या शब्दाचा पहिला भाग अरबी आणि दुसरा संस्कृत, तरी तो राज्यातल्या प्रत्येक जिल्ह्याच्या मुख्य कचेरीच्या पाटीवर आहे. पत्त्यातले तालुका, मौजे आणि मुक्काम हे तिन्ही शब्द अरबी मुळाचे आहेत. सरकारी पत्रात शंभरदा येणारे ‘सदर’, निमंत्रणाच्या तळाशी येणारे ‘तर्फे’, ‘जाहीर सत्कार’ मधले ‘जाहीर’, ‘कार्यक्रमास सुरुवात’ मधली ‘सुरुवात’, सगळी तिकडचीच. म्हणजे फारसी-अरबी शब्द तेवढे बोलीतले आणि संस्कृत तेवढे औपचारिक, ही समजूतच चुकीची आहे. औपचारिक मराठीचा अर्धा डोलारा त्याच शब्दांवर उभा आहे.

हे आजचे नाही. शिवाजी महाराजांच्या काळात राज्यव्यवहारकोश तयार झाला, त्यात कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. अष्टप्रधानांत पेशव्याला ‘मुख्य प्रधान’ म्हटले गेले. पुढे पेशव्यांच्या मुद्रेवर ‘प्रधान’ हाच शब्द राहिला, पण लोकांच्या तोंडी आणि इतिहासात ते पेशवेच झाले, आणि पेशवा हा शब्द फारसी. मुद्रेला एक शब्द आणि वापराला दुसरा, अशी वाटणी आपल्या भाषेने तेव्हाच करून टाकली होती. जुनी पत्रे उघडून पाहा. सुरुवातीला ‘साष्टांग नमस्कार विनंती’, तारखेला अरबी महिन्यांची नावे, आणि मधला कारभाराचा भाग फारसी शब्दांनी भरलेला. लिहिणाऱ्याला त्यात विसंगती वाटत नव्हती. आपल्या पैठणच्या एकनाथ महाराजांनी तर सोळाव्या शतकात ‘अर्जदस्त’ नावाचे भारूड रचले. परमार्थ सांगायला त्यांनी कचेरीतल्या अर्जाचाच घाट घेतला.

मराठवाड्यात त्यावर आणखी एक थर आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत इथली कचेरी निजामाची होती आणि कचेरीची भाषा उर्दू. आपल्याकडे अजूनही जमिनीच्या मोबदल्याला ‘मावेजा’ म्हणतात आणि जुनी माणसे तलाठ्याला ‘पटवारी’. तुमच्या वडिलांनी जन्मभर ज्या कचेरीत काम केले तिच्या मराठीत हे शब्द मुरलेले होते. त्यांचे पद ‘अव्वल कारकून’. त्यातला ‘अव्वल’ अरबी आणि ‘कारकून’ फारसी. पत्रिकेत हे पद जसेच्या तसे छापा. मी पाहतो की शुद्धीच्या ओढीने लोक ‘प्रथम लिपिक’ वगैरे करून टाकतात. मग ज्यांनी वडिलांबरोबर काम केले त्यांनाच तो माणूस कोण ते कळत नाही. पद हे विशेषनामासारखे असते, त्याचे भाषांतर करायचे नसते.

आता तुमचा मुख्य शब्द, ‘हजर’. काकांशी मी सहमत आहे. ‘हजर राहावे’ पत्रिकेत नको. कारण मात्र वेगळे. हा शब्द आज कोणत्या कागदावर येतो? तहसीलच्या नोटिशीवर: ‘सुनावणीस कागदपत्रांसह हजर राहावे, अन्यथा एकतर्फी निर्णय घेण्यात येईल.’ न्यायालयाच्या समन्सवर आणि शाळेच्या पटावरही तोच. ‘हजर’ला हुकमाचा वास आहे आणि न गेल्यास काहीतरी भोगावे लागेल अशी धास्ती आहे. अव्वल कारकुनाच्या मित्रांनी तर अशा नोटिसा स्वतः काढल्या असतील. हा दोष अरबी मुळाचा नाही, नोटिशीचा आहे. ‘जरूर’सुद्धा अरबीच, पण ‘जरूर यावे’ म्हटले की त्यात आग्रह ऐकू येतो, हुकूम नाही, कारण ‘जरूर’ नोटिशीवर कधी आला नाही. तो पत्रांत आणि बोलण्यात राहिला.

मग ‘उपस्थित’? तो चालतो, पण त्याचेही आता तसेच होत चालले आहे. बैठकांच्या सूचना, प्रशिक्षणांची पत्रे, ‘सर्वांनी वेळेवर उपस्थित राहावे’, हे वाचून वाचून त्या शब्दातले स्वागत आटले आहे. त्यात ‘आपली सन्माननीय उपस्थिती प्रार्थनीय आहे’ असे नामांवर नाम रचले की वाक्यात येणारा माणूसच उरत नाही. बोलावणे माणसाला नसून त्याच्या उपस्थितीला आहे असे वाटते. मराठीत याला सरळ रस्ता आहे, आणि तो ना संस्कृताचा ना फारसीचा: ‘यावे’. ‘आपण सहकुटुंब अगत्य यावे.’ ‘अगत्य’ हा शब्द अलीकडे पत्रिकांतून मागे पडला, याचे मला फार वाईट वाटते. त्यात आग्रह, आपुलकी आणि मान हे तिन्ही आहे, आणि तो नोटिशीवर कधीच सापडणार नाही. जुन्या पत्रिकांत ‘अगत्य येण्याचे करावे’ असे असायचे. तुमच्या वडिलांच्या वयाच्या माणसांना ते वाचताच ओळखीचे वाटेल.

एक गोष्ट लक्षात ठेवा. या वादात दोन्ही बाजू एक तिसरा मोठा साठा विसरतात: संस्कृतातून शतकानुशतके झिजत आलेले, मराठीने आपलेसे केलेले शब्द. विनंती, पाहुणे, जेवण, वेळ, वाढदिवस. ‘विनंती’ ही मुळातली ‘विज्ञप्ती’. ती इतकी झिजली आहे की आता तिच्यात फक्त नम्रता उरली आहे. ‘प्रार्थनीय’ लिहून जे साधत नाही ते ‘ही विनंती’ एवढ्याने साधते. जिथे काका आणि मामा अडून बसतील तिथे आधी या साठ्यात हात घाला. बहुतेक वेळा वाद तिथेच मिटतो.

काकांच्या मजकुरातले आणखी तीन शब्द बघा: पिताश्री, समय, स्थान. हे संस्कृत आहेत, पण पत्रिकेच्या मराठीत ते हिंदीच्या वाटेने आले आहेत. मराठी पत्रिका वडिलांना ‘तीर्थरूप’ म्हणते आणि थोडक्यात ‘ती.’ लिहिते. समयाला ‘वेळ’ म्हणते, स्थानाला ‘स्थळ’ म्हणते. हल्ली तयार नमुन्यांतून ‘आपण सादर आमंत्रित आहात’ असेही येते. हिंदीत ‘सादर’ म्हणजे आदरपूर्वक. मराठीत सादर म्हणजे पुढे ठेवणे, गाणे सादर करणे, अहवाल सादर करणे. शब्द संस्कृत दिसला म्हणजे तो मराठीत त्याच अर्थाने आणि त्याच जागी बसेल असे नसते. काकांना हे पटवणे सोपे जाईल, कारण त्यांना मराठीचीच काळजी आहे.

त्यांचे जे ठेवायचे तेही सांगतो. ‘अमृतमहोत्सव’, ‘सत्कार’, ‘समारंभ’, ‘अध्यक्ष’, ‘यांच्या हस्ते’ हे शब्द संस्कृतच हवेत. प्रसंगाचे नाव आणि मानाच्या जागा यांसाठी मराठीने हेच शब्द राखून ठेवले आहेत आणि त्यांना दुसरा पर्यायच उभा राहिलेला नाही. मुसलमान मित्राच्या संस्थेची मराठी पत्रिका आली तरी तिच्यावर ‘उद्घाटन समारंभ’ असेच असते. कुलदैवताची ओळही तशीच राहील. ‘दिनांक’ हा शब्द विसाव्या शतकातल्या भाषाशुद्धीच्या चळवळीने रुळवला. आज तो ‘दि.’ होऊन आकड्याच्या आधी अगदी सोयीचा झाला आहे, तेव्हा तिथे तो ठेवा. पण वाक्यात बोलायची वेळ आली, तर ‘त्या तारखेला’ म्हणा. ‘त्या दिनांकास’ कुणी बोलत नाही.

आता मामांचे. त्यांचा हेतू मला मनापासून आवडला, पण ‘तशरीफ आणावी’ घालू नका. ‘हजर’, ‘तारीख’, ‘साहेब’ हे मराठी शब्द आहेत. ‘तशरीफ’, ‘शिरकत’, ‘इज्जत अफजाई’ हे उर्दू शब्द आहेत. पहिले मराठीने रूप आणि अर्थ बदलून घरात घेतले, दुसरे अजून उंबऱ्याबाहेर आहेत. ते देवनागरीत मराठी वाक्यात बसवले की उसने दिसतात. ज्यांच्यासाठी ते घातले, त्या मित्रांनाही ते खास आपल्यासाठी लावलेले तोरण वाटेल. परभणीतले, जिंतूर-सेलूकडचे जे लोक तुमच्या वडिलांशी आयुष्यभर मराठीतच बोलले, त्यांना चांगल्या मराठीत बोलावणे हाच मान. शिवाय तिकडून आलेले शब्द दोन्ही भाषांत सारखेच राहिलेत असेही नाही. उर्दूत ‘तालीम’ म्हणजे शिक्षण, मराठीत कुस्तीचा आखाडा. उर्दूत ‘शिकस्त’ म्हणजे पराभव. आपण ‘प्रयत्नांची शिकस्त केली’ असे कौतुकाने म्हणतो. उर्दू वाचणाऱ्या मित्राला तुमच्या पत्रिकेत ‘वडिलांनी शिकस्त केली’ दिसले, तर क्षणभर तरी त्याला काहीतरी भलतेच वाटेल. ज्या वडीलधाऱ्या मित्रांना उर्दूच वाचता येते, त्यांच्यासाठी उर्दूत स्वतंत्र पत्रिका करून घ्या. परभणी-नांदेडला ते काम करणारे लोक आहेत. तो मजकूर उर्दू जाणणाऱ्या माणसाकडून सरळ उर्दूतच लिहून घ्या, मराठीवरून उतरवून घेऊ नका.

मित्रांना पत्रिका आपली वाटावी, हे शब्दांपेक्षा दोन साध्या गोष्टींनी जास्त होते. पहिली गोष्ट वेळ. मार्गशीर्ष म्हणजे साधारण नोव्हेंबरअखेर ते डिसेंबर. आपल्याकडे तेव्हा सूर्य पावणेसहाच्या आसपास मावळतो, आणि मगरिबची नमाज सूर्यास्तानंतर लगेच असते. सायंकाळी सहा ही वेळ त्यांच्यासाठी नेमकी अडचणीची. सात करा. (मार्गशीर्षातल्या गुरुवारी घरोघरी महालक्ष्मीचे व्रत असते, त्या संध्याकाळी बायका घरातून निघू शकत नाहीत, तोही वार टाळा.) दुसरी गोष्ट नावांपुढच्या उपाध्या. पाहुण्यांच्या यादीत एकाला ‘श्री.’, दुसऱ्याला ‘जनाब’, तिसऱ्याला ‘मा.’ असे केले की धर्माप्रमाणे दोन रांगा लावल्यासारखे दिसते. सगळ्यांना ‘मा.’ लावा. ‘माननीय’ संस्कृत असला तरी तो कुणाच्याही नावाला जड होत नाही. कुणी हज करून आले असतील तर ‘हाजी’ जरूर लिहा, जसे कीर्तनकारांना ‘ह.भ.प.’ लिहाल. ती मिळवलेली उपाधी आहे.

दिवंगतांच्या नावापुढे मात्र मुळाचा अर्थ खरोखर आडवा येतो, आणि इथे हमखास गफलत होते. निमंत्रकांच्या यादीत किंवा ‘यांच्या स्मृतीस वंदन’ अशा ओळीत वडिलांच्या एखाद्या दिवंगत मुसलमान मित्राचे नाव असेल, तर त्यापुढे ‘कै.’ लावू नका. ‘कै.’ म्हणजे कैलासवासी. वारकऱ्याला तर ‘वै.’, म्हणजे वैकुंठवासी, लिहितात, आणि ते घरचे लोक त्याबाबत फार जागरूक असतात. मुसलमान कुटुंबे ‘मरहूम’ लिहितात. काही भागांत ‘पै.’ म्हणजे पैगंबरवासी असेही छापतात, पण आपल्याकडे ‘पै.’ वाचले की आधी पैलवान आठवतो, तेव्हा ते नको. त्या कुटुंबाला विचारून ‘मरहूम’ लिहा, किंवा सगळ्यांसाठी एकच ‘दिवंगत’ वापरा. ‘दिवंगत’ वाचून कुणी दुखावल्याचे मी पाहिलेले नाही.

आणि आता तो एक भाग, जिथे फारसी-अरबी शब्द मी आग्रहाने घालीन: वडिलांच्या नोकरीचा उल्लेख. अशा पत्रिकांत ठरलेले वाक्य असते, ‘प्रदीर्घ काळ निष्ठापूर्वक शासकीय सेवा केली.’ कुणाच्याही पत्रिकेत ते चालेल, म्हणून ते कुणाचेच होत नाही. ‘महसूल खात्यात छत्तीस वर्षे इमानेइतबारे नोकरी केली’ असे लिहून पाहा. इमान आणि इतबार दोन्ही अरबी, नोकरी फारसीतून आलेली, महसूल अरबी. पण हे वाक्य मराठी माणूस एखाद्याविषयी खरोखर मनापासून बोलतो तेव्हा असेच बोलतो. ‘निष्ठा’ मोठ्या ध्येयावर असते, देशावर असते. ‘इमान’ रोजच्या कामातले, फाईल अडवली नाही, कुणाकडून चहासुद्धा घेतला नाही, अशातले असते. तसेच ‘गोरगरीब’. त्याला ‘निर्धन’ किंवा ‘वंचित’ हा पर्याय नाही. ‘गोरगरिबांची कामे अडू दिली नाहीत’ यात कचेरीच्या पायरीवर बसलेली माणसे डोळ्यांपुढे येतात. पत्रिकेच्या मध्यभागी, जिथे माणसाविषयी बोलायचे असते, तिथे हे शब्द शोभतात. वर प्रसंगाच्या नावात आणि खाली विनंतीत त्यांची गरज नाही.

आता शुद्धलेखन, कारण मूळ इथे खरोखर लागते. नियम असा की शब्द अकारान्त असेल तर त्याच्या शेवटून दुसऱ्या अक्षरातला इकार-उकार मराठीत दीर्घ लिहायचा. फारसी-अरबी शब्द हा नियम पाळतात: जाहीर, जरूर, मंजूर, तहसील, गरीब. संस्कृतातून जसेच्या तसे घेतलेले शब्द तो पाळत नाहीत, त्यांचे मूळ रूप टिकते: हार्दिक, मंदिर, निमंत्रित, स्नेहांकित. छापखान्यात संगणकावर बसलेल्या मुलाला शब्द कुठला ते माहीत नसते, म्हणून ‘जाहिर’ आणि ‘हार्दीक’ एकाच पत्रिकेत उलटसुलट छापले जातात. विभक्ती लागली की पुन्हा फरक पडतो. ‘गरीब’चे ‘गरिबांना’ होते, ‘तारीख’चे ‘तारखेला’ होते. पण ‘शरीर’ संस्कृत म्हणून ‘शरीरास’ तसेच राहते. संस्कृत शब्दांत आणखी एक मेख आहे. शेवटचा इकार सुटा असताना दीर्घ आणि समासात पुन्हा ऱ्हस्व: ‘स्मृती’ पण ‘स्मृतिचिन्ह’, ‘भूमी’ पण ‘भूमिपूजन’.

काकांच्या मजकुरात, बहुधा टंकताना, चार ठिकाणी लेखन चुकले आहे. ‘अभिष्टचिंतन’ नव्हे, ‘अभीष्टचिंतन’: अभि आणि इष्ट मिळून अभीष्ट. ‘सन्मानीय’ नव्हे, ‘सन्माननीय’. ‘वर्षपूर्तीप्रित्यर्थ’ यात दोन: समासात ‘पूर्ति’ आणि पुढे ‘प्रीत्यर्थ’. चार ओळींच्या मजकुरात एवढे निघते, कारण जड संस्कृत जितके वाढवाल तितक्या अशा जागा वाढतात. आणि संस्कृत शब्द चुकीचा छापला की तो साध्या शब्दाच्या चुकीपेक्षा जास्त डोळ्यांत भरतो. मानासाठी घातलेला शब्दच मान घालवतो. उलट फारसी-अरबी शब्दांखाली उर्दूसारखा नुक्ता देऊ नका. मराठीत ‘ज़रूर’ नाही, ‘जरूर’ आहे.

हे सगळे लावून तुमच्या पत्रिकेचा मजकूर मी असा करीन:

॥ कुलदैवताचे नाव, घरात आहे तसे ॥

सप्रेम नमस्कार,

आमचे वडील ती. ……… (निवृत्त अव्वल कारकून, तहसील कार्यालय, ………) यांना मार्गशीर्षात पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. महसूल खात्यात छत्तीस वर्षे त्यांनी इमानेइतबारे नोकरी केली आणि गोरगरिबांची कामे कधी अडू दिली नाहीत. आयुष्यभर जोडलेल्या माणसांच्या साक्षीने त्यांचा अमृतमहोत्सवी सत्कार करावा, अशी आम्हा भावंडांची इच्छा आहे. मा. ……… यांच्या अध्यक्षतेखाली, मा. ……… यांच्या हस्ते हा सत्कार होईल.

आपण सहकुटुंब अगत्य यावे आणि जेवूनच जावे, ही विनंती.

दि. ………, ………वार, सायंकाळी ७ वाजता
स्थळ : ………, ता. ………, जि. परभणी

आपले नम्र,
………

छत्तीस हा आकडा मी बाविसाव्या वर्षी नोकरी आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्ती असे धरून घातला आहे. सेवापुस्तिका पाहून खरा घाला. ‘सहभोजनाचा स्वीकार करून उपकृत करावे’ याऐवजी ‘जेवूनच जावे’ केले, ते काकांना फार साधे वाटेल. त्यांचा आग्रहच असेल तर ‘स्नेहभोजनास थांबावे’ करा, तेही चांगले मराठी आहे. ‘मेजवानी’ मात्र नको. तो शब्द फारसी आहे म्हणून नव्हे. आता वर्तमानपत्रांत सुरांची, चौकारांची मेजवानी असते, आणि साध्या घरच्या जेवणाला तो फुगवून दाखवतो. ‘तर्फे’ची गरज पडली नाही, कारण बोलावणारी तुम्ही भावंडेच आहात. वडिलांच्या सहकाऱ्यांचे मंडळ निमंत्रक झाले, तर ‘मित्रमंडळातर्फे’ निःसंकोच लिहा.

छापायला देण्याआधी हा मजकूर दोघांना मोठ्याने वाचायला सांगा: एकदा काकांना आणि एकदा वडिलांच्या त्या मुसलमान मित्रांपैकी कुणाला तरी. तुम्ही मध्ये बोलू नका, फक्त कुठे अडखळतात ते पाहा. जिथे दोघेही अडखळले तो शब्द बदला. जिथे एकच अडखळला, तिथे त्याला विचारा की ही गोष्ट तो स्वतः तोंडी सांगताना कशी सांगेल, आणि तो जे म्हणेल ते लिहून घ्या. शेवटचे प्रूफ कागदावर घ्या, मोबाइलवर नाही. पाहुण्यांची नावे, वार आणि तारीख यांचा मेळ कॅलेंडर उघडून तपासा, आणि मुसलमान पाहुण्यांच्या नावांचे लेखन त्यांनाच विचारून पक्के करा. ‘शेख’ आधी की शेवटी, ‘मोहम्मद’ की ‘मुहम्मद’, हे प्रत्येक घराचे वेगळे असते.